दाबू नका, वाकवा : थ्रीडी प्रिंटरवरच्या लवचीक गॅस्केटची रचना

दोन कडक पृष्ठभाग कितीही सफाईने बनवले तरी त्यांच्यामध्ये बारीक फट राहतेच. ती फट स्वतः आकार बदलून भरून काढणारी मऊ पट्टी म्हणजे गॅस्केट. नळाचा वायसर, डब्याच्या झाकणातली रिंग, पावसात उभ्या असलेल्या विजेच्या पेटीची कड, सगळीकडे तिचे काम एकच असते. झाकण आवळले की तिने दबले पाहिजे आणि दबलेल्या अवस्थेतही सतत उलट रेटा देत राहिले पाहिजे. हा रेटा गॅस्केटच्या संपूर्ण लांबीवर, कुठेही खंड न पडता टिकला तरच पाणी अडते. बाजारात मिळणाऱ्या मापांत न बसणारी पेटी असेल, तर अशी गॅस्केट घरच्या किंवा छोट्या कारखान्यातल्या थ्रीडी प्रिंटरवर टीपीयू, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, या लवचीक प्लास्टिकमधून छापता येते. रबराच्या गॅस्केटचा आकार जसाच्या तसा उचलून टीपीयूत छापला, तर मात्र बहुतेक वेळा झाकणच बंद होत नाही. झाले तरी गळते. याचे कारण पदार्थाच्या स्वभावात आहे, आणि तो ओळखून आकार ठरवला तर तोच पदार्थ उत्तम काम देतो.

टीपीयूच्या लांबलचक रेणूंमध्ये मऊ आणि कडक असे तुकडे आलटून पालटून असतात. मऊ तुकड्यांमुळे पदार्थ ताणला जातो. कडक तुकडे एकमेकांना चिकटून गाठी धरतात आणि त्या गाठी पदार्थाला मूळ आकारात परत खेचतात. व्हल्कनाइज केलेल्या रबरातले बंध रासायनिक आणि कायमचे असतात, टीपीयूतल्या गाठी उष्णतेने सुटतात. म्हणूनच टीपीयू वितळवून नोझलमधून काढता येते, रबर येत नाही. पण याच गुणाची दुसरी बाजू अशी, की सतत दाबाखाली राहिले तर या गाठी हळूहळू सरकतात आणि पदार्थ नव्या आकाराला सरावतो. उन्हात तापणाऱ्या पेटीत हे आणखी लवकर होते.

लवचीक पदार्थाचा कडकपणा शोर या मापात सांगतात. अल्बर्ट शोर या अमेरिकन संशोधकाच्या नावाचे हे माप आहे. स्प्रिंग लावलेली बोथट सुई पदार्थात किती रुतते त्यावरून ० ते १०० पर्यंतचा आकडा मिळतो. सुई पूर्ण रुतली तर ०, अजिबात रुतली नाही तर १००. मऊ पदार्थांसाठी या मापाची ‘ए’ ही पट्टी वापरतात. यंत्रांमध्ये सर्रास दिसणाऱ्या नायट्राइल रबराच्या ओ-रिंगचा कडकपणा साधारण ७० ए असतो. प्रिंटरसाठी सर्वात सहज मिळणारे टीपीयू ९५ ए असते आणि त्याहून मऊ म्हणून विकले जाणारे ८५ ए. ९५ आणि ७० हे आकडे जवळचे वाटतात, पण ही पट्टी सरळ प्रमाणात चढत नाही. वरच्या टोकाला काही अंकांच्या फरकाने पदार्थाचा ताठपणा कित्येक पटींनी वाढतो. ९५ ए टीपीयूची तार हातात सहज वाकते म्हणून ती मऊ वाटते. त्याच पदार्थाचा भरीव ठोकळा चिमटीत दाबून पाहिला तर तो जवळपास हलतच नाही.

त्यातच दुसरी एक गोष्ट नवख्या रचनाकाराच्या ध्यानात येत नाही. रबर काय किंवा टीपीयू काय, दाबल्यावर त्याचे आकारमान कमी होत नाही. स्पंज दाबला की त्यातली हवा निघून जाते आणि तो खरोखर लहान होतो. भरीव टीपीयूत निघून जायला हवाच नसते. उंची कमी झाली की रुंदी तेवढी वाढायलाच हवी. ४ मिमी रुंद आणि ३ मिमी उंच अशी भरीव पट्टी २.४ मिमीपर्यंत दाबायची, म्हणजे उंची २० टक्क्यांनी कमी करायची, तर तिची रुंदी ५ मिमी होईल. तिच्यासाठी पेटीच्या कडेला ४.२ मिमी रुंदीची खाच ठेवली असेल, तर पट्टी खाचेच्या दोन्ही भिंतींना भिडेल आणि तिथून पुढे झाकण एक केसभरही खाली जाणार नाही. स्क्रू आणखी आवळले तर आटे जातील, झाकण तडकेल, पट्टी मात्र दबणार नाही. म्हणून भरीव गॅस्केट वापरायचीच असेल तर दबल्यानंतरही खाचेत १५ ते २० टक्के जागा रिकामी उरेल इतकी खाच रुंद ठेवावी लागते.

खाच रुंद करून फुगण्याचा प्रश्न सुटतो, ताकदीचा सुटत नाही. एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. ठिबक सिंचनाच्या व्हॉल्व्हचा कंट्रोलर ठेवायची पेटी आहे. बाहेरून १२० बाय ८० मिमी, झाकण चार कोपऱ्यांवर एम४ स्क्रूंनी आवळलेले, पेटी आणि झाकण दोन्ही पीईटीजीमध्ये छापलेले. गॅस्केटची मधली रेषा ११० बाय ७० मिमीच्या, कोपऱ्यांना ८ मिमी त्रिज्येची गोलाई असलेल्या आयतावरून जाते. तिची लांबी सुमारे ३४६ मिमी भरते. ९५ ए टीपीयूची ४ मिमी रुंद भरीव पट्टी २० टक्के दाबायला दर चौरस मिलिमीटरला अंदाजे ८ न्यूटन जोर लागतो. पट्टीचे एकूण क्षेत्र सुमारे १,३८० चौरस मिमी, म्हणजे जोर झाला ११,००० न्यूटन. साध्या भाषेत हे १,१०० किलोंचे वजन आहे. चार स्क्रूंवर वाटले तर प्रत्येकावर पावणेतीनशे किलो. पोलादी स्क्रू कदाचित ते सोसेल. पण प्लास्टिकमध्ये गरम करून बसवलेला पितळी इन्सर्ट त्याआधीच उपटून निघेल, आणि झाकण दोन स्क्रूंच्या मधोमध धनुष्यासारखे वर उचलले जाईल. अशा पेटीत पाणी नेमके तिथूनच शिरते. कोपऱ्यांत पट्टी चेपलेली आणि लांब बाजूच्या मध्यावर पट्टीला धक्काही लागलेला नाही, असे दिसले की गॅस्केट पेटीच्या मानाने फार ताठ आहे असे खुशाल समजावे.

८५ ए टीपीयू घेतले तर हा जोर निम्म्याहून कमी होतो. पण ते बारीक नळीतून ढकलताना शेवयांसारखे मुडपते. ज्या प्रिंटरमध्ये तार ढकलणारी मोटर नोझलपासून लांब असते, त्यावर ते छापणे कटकटीचे असते. आणि अकराशे किलोंच्या जागी पाचशे किलो हा खरा उपाय नव्हे. टीपीयू दाबायच्या ऐवजी वाकवायचे, हा खरा उपाय आहे. भरीव ठोकळा चेपायला जेवढी ताकद लागते तिच्या कित्येक पटींनी कमी ताकदीत त्याच पदार्थाची पातळ पाकळी वाकते. वाकवण्याच्या गणितात जाडीचा घन येतो. पाकळीची जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो, निम्मी केली की आठव्या हिश्श्यावर येतो. याचा अर्थ मऊपणा रीळ विकत घेताना ठरत नाही, रचना करताना ठरतो. एकच ९५ ए पदार्थ भिंतीच्या जाडीवर कडक किंवा अगदी हलका करता येतो.

वरच्या पेटीसाठी म्हणून पोटात सपाट पट्टी आणि तिच्यावर तिरपी लिप असा आकार घ्यावा. पट्टी १ मिमी जाड. तिच्या आतल्या कडेपासून लिप निघते आणि ४५ अंशांत पेटीच्या बाहेरच्या दिशेला झुकत वर जाते. लिपची उभी उंची २.६ मिमी, म्हणजे मोकळ्या अवस्थेत गॅस्केटची एकूण उंची ३.६ मिमी. बाहेरच्या दिशेला झुकवण्यामागे कारण आहे. बाहेरून येणारे पाणी लिपच्या खालच्या बाजूला शिरते आणि तिला वर, झाकणाकडे ढकलते. पाण्याचा दाब वाढला की लिप आणखी घट्ट बसते. लिप आतल्या दिशेला झुकवली तर तेच पाणी तिला झाकणापासून सोडवते. दोन्ही आकार छापायला सारखेच सोपे आणि दिसायला जवळपास सारखे, म्हणून ही चूक पुष्कळांच्या हातून होते.

आता भिंतीची जाडी. इथे छपाईची पद्धत रचनेत उतरते. प्रिंटर भिंत काढतो ती वितळलेल्या रेघा शेजारी शेजारी टाकून. ०.४ मिमीच्या नोझलमधून निघणारी रेघ साधारण ०.४२ मिमी रुंद असते. भिंतीची रुंदी या रेघेच्या पूर्ण पटीत असेल, म्हणजे ०.८४, १.२६, १.६८, तर रेघा एकमेकींना चिकटून बसतात. भलतीच रुंदी, समजा १ मिमी, ठेवली तर दोन रेघा बसून मधे बारीक पोकळी राहते, किंवा स्लायसर तिसरी रेघ ओढूनताणून पातळ करतो. शोभेच्या वस्तूत ही पोकळी कुणाला दिसणारही नाही. गॅस्केटमध्ये मात्र तो आतून फिरणारा बोगदा होतो, आणि एका छिद्रातून शिरलेले पाणी पार दुसऱ्या कोपऱ्यात निघू शकते.

तिरप्या भिंतीत आणखी एक मेख आहे. स्लायसर आडवे काप घेतो, त्यामुळे त्याला दिसते ती भिंतीची आडवी रुंदी. खरी जाडी त्याहून कमी असते. ४५ अंशांत झुकलेल्या भिंतीची आडवी रुंदी ०.८४ मिमी असेल तर तिची खरी जाडी ०.५९ मिमीच भरते. जाडीचा घन लक्षात घेतला तर हा फरक जवळपास तिपटीचा आहे. म्हणून आडवी रुंदी तीन रेघांची, १.२६ मिमी घ्यावी. तेव्हा खरी जाडी ०.८९ मिमी मिळते. रेघा तीन असण्याचा दुसरा फायदा असा, की एखाद्या रेघेत बुडबुडा राहिला तरी शेजारच्या दोन रेघा भोक आरपार जाऊ देत नाहीत. दोन रेघांच्या भिंतीवर एवढा भरवसा ठेवता येत नाही. एका रेघेची भिंत पाणी अडवण्यासाठी वापरूच नये.

ही लिप ०.८ मिमी दाबली तर संपूर्ण ३४६ मिमी लांबीला अंदाजे ७८ न्यूटन, म्हणजे ८ किलोंच्या आसपास जोर लागतो. प्रत्येक स्क्रूवर दोन किलो. भरीव पट्टीला लागणाऱ्या अकराशे किलोंशेजारी हा आकडा ठेवला म्हणजे आकाराची किमया कळते. पदार्थ तोच, रीळ तेच, दाबण्याचे अंतरही थोडे जास्तच. दोन रेघांची लिप केली असती तर जोर अडीच किलोंवर आला असता आणि चार रेघांची केली असती तर अठरा किलोंच्या पुढे गेला असता. टीपीयूचा ताठपणा कंपनीगणिक बराच बदलतो, त्यामुळे हे आकडे दिशा दाखवण्यापुरते आहेत. पण त्यांच्यातले प्रमाण खरे आहे, कारण ते केवळ भूमितीतून येते.

लिप वाकताना तिच्या मुळाशी, बाहेरच्या पापुद्र्यात, साधारण ११ टक्के ताण पडतो. टीपीयू तुटेपर्यंत कित्येक पट ताणले जाते, तेव्हा ११ टक्क्यांनी ते फाटण्याची भीती नाही. तरीही मुळाशी टोकदार कोन न ठेवता छोटी गोलाई द्यावी, कारण कोनात ताण एकवटतो.

खाच ठरवताना झाकण कुठे थांबणार हे आधी ठरवावे. गॅस्केट किती दबेल हे स्क्रू आवळणाऱ्याच्या मनगटावर सोडता येत नाही. पेटीच्या कडेत २.८ मिमी खोल खाच ठेवली, की झाकण खाचेच्या दोन्ही बाजूंच्या कडक काठांवर टेकते आणि ३.६ मिमीची गॅस्केट बरोबर ०.८ मिमी दबते. त्यापुढे स्क्रू कितीही आवळले तरी तो जोर प्लास्टिकवर जातो, लिपवर नाही. खाचेची रुंदी ६ मिमी घ्यावी. वाकलेल्या लिपचे टोक आतल्या कडेपासून सुमारे ४.७ मिमीपर्यंत येते, म्हणजे बाहेरच्या भिंतीला ते टेकत नाही. टेकले तर वाकणे थांबून पुन्हा दाबणे सुरू होईल आणि सगळे गणित भरीव पट्टीच्या वाटेला लागेल. पोटातली पट्टी खाचेपेक्षा दोन्ही बाजूंनी ०.१ ते ०.१५ मिमी कमी रुंद ठेवली की ती सहज बसते आणि सरकतही नाही.

दाबण्याचे अंतर ०.८ मिमीच का, ०.३ का नाही? छापलेले झाकण कधीच पूर्ण सपाट नसते. एवढ्या आकाराच्या झाकणात ०.१ ते ०.२ मिमीचा बाक सहज असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सुरुवातीला सांगितलेला टीपीयूचा स्वभाव. दाबाखाली राहिलेला पदार्थ सुटल्यावर पूर्ण वर येत नाही. ही कायमची चेप मोजण्याची प्रमाणित पद्धत आहे. नमुना ठरावीक अंतर दाबून ठरावीक तापमानात ठेवायचा, सोडल्यावर अर्धा तास थांबून उंची मोजायची आणि जितके दाबले होते त्याच्या किती टक्के परत आले नाही ते काढायचे. ३.६ मिमीची गॅस्केट २.८ पर्यंत दाबून ठेवली आणि सोडल्यावर ती ३.४ भरली, तर ०.८ पैकी ०.२ मिमी गेले. चेप २५ टक्के झाली. उन्हातल्या पेटीत ही चेप ५० टक्क्यांपर्यंत जाईल असे धरूनच रचना करावी. ०.८ मधले ०.४ गेले तरी उरलेले ०.४ मिमी झाकणाच्या बाकापेक्षा जास्त आहे, म्हणून सील टिकते. ०.३ मिमीच दाबले असते तर निम्मी चेप पडल्यावर ०.१५ उरले असते आणि पहिल्या उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या पावसात पेटी गळली असती. मोठे अंतर आणि कमी जोर या दोन्ही गोष्टी एकत्र फक्त वाकणारी पातळ भिंतच देऊ शकते. लिपचा सगळ्यात मोठा गुण हाच.

छपाई गॅस्केट आडवी झोपवून करावी, पट्टी खाली आणि लिप वर. असे केले की लिपच्या सगळ्या रेघा गॅस्केटच्या लांबीबरोबर धावतात आणि झाकणाला टेकणारे टोक अखंड रेघांचे बनते. पोटातली पट्टी भरताना स्लायसर सहसा ४५ अंशांच्या तिरप्या रेघा वापरतो. त्या रेघांच्या मधल्या बारीक चऱ्या पट्टीच्या आतून बाहेर जातात, म्हणजे पाण्याला असंख्य वाटा मिळतात. भरण्याचा नमुना बदलून ‘कॉन्सेंट्रिक’ केला की रेघा कडेला समांतर होतात आणि या वाटा बंद होतात. ही एकच सेटिंग बदलल्याने गळती थांबल्याचे अनेकदा दिसते. खालची बाजू काचेवर किंवा गुळगुळीत पत्र्यावर छापली तर ती आरशासारखी येते आणि खाचेच्या तळाशी छान बसते. मात्र गुळगुळीत पीईआय पत्र्यावर टीपीयू इतके घट्ट चिकटते की काढताना पत्र्याचा थर उखडू शकतो. त्यावर आधी डिंकाच्या कांडीचा हलका हात फिरवावा. इथे डिंक चिकटवण्यासाठी लागत नाही, सोडवण्यासाठी लागतो.

प्रत्येक थरात रेघ जिथे सुरू होते आणि संपते तिथे बारीक सांधा राहतो. स्लायसरने सगळे सांधे एकावर एक रचले तर लिपवर तळापासून टोकापर्यंत एक उभी खोबण तयार होते. गॅस्केट गळते ती बहुधा याच ठिकाणी. सांधे विखरून टाकण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे एका थराचा सांधा वरच्या-खालच्या थरांच्या अखंड रेघांनी झाकला जातो. नोझलचे तापमान २२० ते २३५ अंश, पत्र्याचे ४० ते ५०, थराची उंची ०.२ मिमी आणि वेग सेकंदाला २० ते ३० मिमी ही ९५ ए साठी चांगली सुरुवात आहे. प्लास्टिकचा प्रवाह तीन ते पाच टक्के वाढवला तर रेघा अधिक दाट बसतात. घाई मात्र टीपीयूला चालत नाही. वेग वाढवला की मऊ तार दाबाखाली आखडते, नोझलमधून कधी कमी कधी जास्त पदार्थ येतो आणि भिंतीत भोके राहतात.

भोके राहण्याचे त्याहूनही नेहमीचे कारण म्हणजे दमट तार. टीपीयू हवेतली वाफ शोषते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात उघडे राहिलेले रीळ एका रात्रीत खराब होऊ शकते. नोझलमधून बारीक तडतड ऐकू येणे, भिंतीवर फेसासारखे पुरळ दिसणे आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सुटणे ही त्याची खूण. शोषलेले पाणी नोझलमध्ये वाफ होऊन बुडबुडे सोडते आणि प्रत्येक बुडबुडा गळतीची जागा असते. रीळ ५० ते ६० अंशांत चार ते आठ तास वाळवून, शक्यतो वाळवणीच्या डब्यातूनच थेट छापावे. गॅस्केटच्या बाबतीत ही पायरी गाळता येत नाही.

संपूर्ण गॅस्केट छापण्याआधी तिचा ३० मिमी लांबीचा सरळ तुकडा छापून पाहावा. एकाच वेळी दोन, तीन आणि चार रेघांच्या लिपचे तीन तुकडे छापले तर आणखी बरे. तुकडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवावा, त्याच्या दोन्ही बाजूंना २.८ मिमी उंचीचे छापलेले कडक ठोकळे ठेवावेत आणि वरून सपाट पट्टीने हळूहळू दाबावे. पट्टी ठोकळ्यांना जेमतेम टेकते त्या क्षणी काटा किती दाखवतो ते पाहावे. तीन रेघांच्या तुकड्याला वरच्या हिशेबाने ७०० ग्रॅमच्या आसपास यायला हवे. दीड किलो आले तर हातातले टीपीयू गृहीत धरल्यापेक्षा दुप्पट ताठ आहे. मग लिप दोन रेघांची करण्याऐवजी तिची लांबी वाढवावी, कारण ताठपणा लांबीच्या घनानेही कमी होतो आणि रेघा तीनच राहिल्याने पाणी अडवण्याची खात्री कायम राहते. लांबी वाढवली की खाचही तेवढी खोल आणि रुंद करावी लागते, हे विसरू नये. तोच तुकडा नंतर दोन पट्ट्यांमध्ये २.८ मिमीवर आवळून पेटी जिथे बसणार आहे तिथे आठवडाभर ठेवला की त्या जागेच्या उष्णतेत प्रत्यक्ष किती चेप पडते तेही कळते.

पूर्ण गॅस्केट बसवल्यावर लिपच्या टोकाला ओल्या रंगाचा किंवा लिपस्टिकचा पातळ हात द्यावा, झाकण आवळावे आणि पुन्हा उघडावे. झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाची अखंड रेघ उमटली पाहिजे. जिथे रेघ तुटली आहे तिथे झाकण वाकलेले आहे किंवा लिपला खोबण आहे. रेघ एखाद्या ठिकाणी अचानक रुंद झाली असेल तर तिथे खाचेचा तळ वर आलेला असतो. मग पेटीत टिश्यू पेपर ठेवून ती नळाच्या धारेखाली सगळ्या बाजूंनी फिरवावी. कागदाला आलेला डाग गळतीची जागाही दाखवतो. आयपी या आंतरराष्ट्रीय मापनात चारही बाजूंनी उडणारे पाणी अडवले की आयपीएक्स४ म्हणतात आणि एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास तग धरला की आयपीएक्स७. घरच्या धारेखालची ही चाचणी पहिल्याच्या जवळ जाणारी आहे. छापलेल्या लिप गॅस्केटकडून पाऊस आणि शिंतोडे अडवण्याची अपेक्षा ठेवावी. पाण्याखाली बुडवायच्या पेटीसाठी साच्यातली ओ-रिंगच घ्यावी. त्यासाठी छापलेल्या पेटीची खाचही घासून गुळगुळीत करावी लागते.

हत्याराच्या मुठीवर चढवायची लवचीक पकड हेच गणित वेगळ्या कामाला लावते. पकडीला पाणी अडवायचे नसते, घट्ट बसायचे आणि हाताला मऊ लागायचे असते. तिचा आतला व्यास मुठीपेक्षा दोन ते चार टक्के कमी ठेवला की ताणून चढवलेली पकड स्वतःच आवळून धरते. ३० मिमीच्या मुठीसाठी २८.८ ते २९.४ मिमी. इथे भिंत भरीव न ठेवता बाहेर दोन रेघा आणि आत दहा ते वीस टक्के गायरॉइड भरण ठेवावे, कारण आतली हवा दबायला मोकळी असते आणि हातालाही तोच मऊपणा जाणवतो. गॅस्केटमध्ये हे पोकळ भरण कधीही वापरू नये. बाहेरच्या भिंतीला एक भोक पडले की सगळी पोकळी पाण्याने भरते.

पदार्थाची निवडही शेवटी जागेवर अवलंबून आहे. टीपीयू पॉलिएस्टर आणि पॉलिइथर अशा दोन प्रकारचे असते. पॉलिएस्टर प्रकार तेल आणि घासणे चांगले सोसतो, पण कायम ओल्या आणि उष्ण जागेत पाण्याने त्याचे रेणू तुटत जातात आणि काही काळाने तो चिकट होऊन भुगा व्हायला लागतो. पावसातल्या पेटीसाठी पॉलिइथर प्रकार घ्यावा. रिळावर प्रकार लिहिलेला नसेल तर विक्रेत्याकडे माहितीपत्रक मागावे.

काही ठिकाणी छापलेल्या गॅस्केटला जागाच नाही. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांवर जाते आणि आत वाफेचा दाब असतो. त्या तापमानाला टीपीयू नरम पडते आणि रिंग जागेवरून सुटू शकते. थरांच्या बारीक चऱ्यांत अन्न अडकून सडते, म्हणून मिक्सरच्या भांड्यातही ती नको. स्वयंपाकाच्या गॅसच्या जोडणीत तर छापलेला वायसर कधीच, तात्पुरताही, बसवू नये. या तिन्ही ठिकाणी कंपनीचा मूळ सुटा भागच वापरावा. तो दुकानात थोडक्या पैशांत मिळतो.